खिडकी किती वर्षांची आहे?

"शेजारी पाच मजले चढवतोय, आमचा उजेड जाणार. कोर्टातून थांबवता येईल का?"

ताई, खिडकी सलग 20 वर्षं, हरकत न येता, परवानगी न मागता उघडी असेल तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे हक्क तयार होतो. एकोणिसाव्या वर्षी काही नाही. आणि तो त्या खिडकीपुरताच; मोकळ्या अंगणाला किंवा समोरून दिसणाऱ्या डोंगराला नाही.

पण हक्क असला म्हणून इमारत आपोआप थांबत नाही. उजेड कमी झाला एवढं पुरत नाही, त्या खोलीत वावरणंच त्रासाचं झालं हे दाखवावं लागतं. आमच्याकडे दोन खिडक्या बुजणार होत्या. बैठकीच्या खोलीला रस्त्याकडूनही उजेड होता, तिथे वकिलांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. स्वयंपाकघराला मात्र ती एकच खिडकी. भिंत आल्यावर भर दुपारी तांदूळ निवडायला दिवा लागला असता. त्याच खिडकीवर मनाई मिळाली. जुना मंजूर नकाशा आणि आईचा खिडकीपाशी उभा असलेला 1994 चा फोटो कामी आला.

आम्ही जोत्याचं काम चालू असतानाच गेलो होतो. स्लॅब पडल्यावर गेलात तर कोर्ट बहुतेक वेळा पाडायला न सांगता भरपाईवर भागवतं. शिवाय अडथळा कळूनही वर्षभर गप्प राहिलात तर 20 वर्षांची सलगताच तुटते. बाजूची मोकळी जागा नियमाप्रमाणे सोडली नसेल तर ती तक्रार वेगळी, नगरपालिकेत. तिथे 20 वर्षांची अट नाही.