ओठाची फट मधोमध नसते: एका फॉरवर्डला उत्तर

«वरचा ओठ आणि टाळू उजव्या-डाव्या अर्ध्यांनी बनतात आणि मधोमध चिकटतात. चिकटायचं राहिलं की फट पडते. ओठ काय नि टाळू काय, दोष एकच. आणि चिकटलेलं नंतर उसवूही शकतं, म्हणून तर सातव्या महिन्यात ग्रहण असेल तर विळी-चाकू हातात घ्यायचा नसतो.»

आधी मध्यरेषेचं बघू. दुभंगलेल्या ओठाचं बाळ समोर आलं की फट नेमकी कुठे आहे ते नीट पाहा. नाकाखालच्या पन्हळीच्या मधून ती जात नाही, पन्हळीच्या कडेने नाकपुडीकडे चढते, आणि एकाच बाजूची असेल तर बहुतेकदा डावीकडे असते. दोन अर्धे मधोमध जुळायचे राहिले असते तर ती तिथे असायचं कारणच नव्हतं.

चौथ्या आठवड्यात भावी तोंडाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे असतात: वर एक फ्रंटोनेझल, बाजूंना दोन मॅक्झिलरी, खाली दोन मँडिब्युलर. फ्रंटोनेझलच्या खालच्या कडांवर नेझल प्लॅकोड येतात. पाचव्या आठवड्यात त्यांच्या भोवतीचा भाग वाढून प्रत्येक नाकपुडीच्या आतल्या बाजूला एक मीडियल आणि बाहेरच्या बाजूला एक लॅटरल नेझल प्रोसेस तयार होते. मग मॅक्झिलरी प्रोसेस दोन्ही बाजूंनी आत सरकतात आणि मीडियल नेझल प्रोसेसना एकमेकींकडे ढकलतात. त्या दोघी मधोमध एक होऊन पन्हळ, पटाशीच्या चार दातांचा हिरडीचा भाग आणि प्रायमरी पॅलेट बनवतात. ओठाचा बाजूचा भाग मॅक्झिलरीचा. म्हणजे वरच्या ओठात महत्त्वाचे सांधे दोन, पन्हळीच्या दोन्ही कडांना, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात तेच फसतात.

इथे ‘चिकटणं’ म्हणजे काय घडतं, हे व्हायव्हात हमखास अडतं. मधल्या दोन प्रोसेसमध्ये मुळात नुसती खाच असते. खालचं मेसेनकाइम वाढलं की ती आतून भरून येते. याला मर्जिंग म्हणतात. कडेच्या सांध्यात मात्र दोन स्वतंत्र पृष्ठभाग एकमेकांना टेकतात आणि मध्ये एपिथेलियमची दुहेरी भिंत उभी राहते, ती नेझल फिन. ही भिंत विरली आणि दोन्हीकडचं मेसेनकाइम एकमेकांत मिसळलं, तरच ते खरं फ्यूजन. प्रोसेस लहान राहून टेकल्याच नाहीत, किंवा टेकल्या पण मेसेनकाइमची भर पुरेशी पडली नाही, तर फट राहते. काही बाळांत नाकपुडीच्या तळाशी कातडीचा बारीक पूल दिसतो, सायमोनार्ट बँड. सांधा थोडा जुळला आणि बाकीचा राहिला, अशी त्याची नेहमीची उकल आहे.

खरोखर मधोमध फाटलेला वरचा ओठ दुर्मीळ. तो दिसला, त्यात पन्हळ आणि प्रीमॅक्झिला गायब आणि डोळे जवळजवळ असले, तर टाके घालायचा विचार नंतर. आधी मेंदूची तपासणी हवी. मेंदूचा पुढचा भाग दोन गोलार्धांत नीट न विभागण्याचा विकार, होलोप्रोसेन्सेफली, अशा चेहऱ्यासोबत येतो.

‘दोष एकच’ हा मुद्दा त्याहून जास्त दिशाभूल करणारा आहे. टाळूची सीमारेषा ओठापाशी नाही, इनसायझिव्ह फोरामेनपाशी आहे. त्याच्या पुढचा भाग प्रायमरी पॅलेटचा, मागचा सेकंडरी पॅलेटचा, आणि दोन्हींची पद्धत वेगळी. सेकंडरी पॅलेट मात्र खरंच मध्यरेषेत जुळतं, तेवढ्यापुरतं फॉरवर्डचं बरोबर आहे. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या पूर्ण दुभंगात टाळू खालून पाहिला की फट इंग्रजी वायसारखी दिसते: पुढे दोन तिरके फाटे, फोरामेनपासून मागे एकच सरळ रेघ.

मॅक्झिलरी प्रोसेसमधून सहाव्या आठवड्यात निघणारे पॅलेटल शेल्फ सुरुवातीला आडवे नसतात. जिभेच्या दोन्ही बाजूंना ते खाली लोंबत असतात. सातव्या-आठव्या आठवड्यात त्यांच्यातलं हायलुरोनिक ॲसिड पाणी धरतं, खालचा जबडा पुढे वाढतो, जीभ खाली उतरते आणि शेल्फ आडवे होतात. मग ते मध्यरेषेत भेटतात, मधली एपिथेलियमची भिंत विरते, आणि सांधा फोरामेनच्या मागून सुरू होऊन पडजिभेकडे जातो. बाराव्या आठवड्यापर्यंत काम संपतं. मुलींमध्ये शेल्फ मुलांपेक्षा सुमारे आठवडाभर उशिरा आडवे होतात. नुसता टाळू दुभंगलेला असणं मुलींत जास्त का, याचं एक स्पष्टीकरण यातून दिलं जातं. ओठाचा दुभंग मात्र मुलग्यांत जास्त. डेन्मार्कच्या फॉग-अँडरसन यांनी 1942 मध्ये कुटुंबांचा अभ्यास करून दाखवलं की ओठाचा दुभंग (टाळूसह किंवा टाळूविना) आणि नुसत्या टाळूचा दुभंग आनुवंशिकतेत वेगळे चालतात. याला ठळक अपवाद व्हान डर वूड सिंड्रोमचा, तिथे एकाच घरात दोन्ही प्रकार सापडतात. त्यामुळे दुभंगाच्या बाळाच्या आईवडिलांचा खालचा ओठ पाहावा. त्यावर दोन बारीक खळगे असतील तर उत्तर तिथेच आहे.

टाळूत बिघाड कोणत्या पायरीवर झाला, याचं एक उदाहरण घेऊ. नवजात बाळ, ओठ आणि हिरडी शाबूत, टाळूला रुंद, गोलसर यू आकाराची फट, हनुवटी मागे गेलेली, पाठीवर झोपवलं की श्वासाला घरघर. हा पिएर रॉबिन सीक्वेन्स. शेल्फमध्ये मुळात खोट असेलच असं नाही. जबडा लहान राहिल्याने जीभ वर आणि मागेच अडकली, तिच्या आडोशाने शेल्फना आडवं व्हायला जागा मिळाली नाही, आणि फटीने जिभेचाच गोल घेतला. तीच जीभ आता घशात मागे पडते, म्हणून घरघर. अशा बाळाला आधी पोटावर किंवा कुशीवर ठेवून श्वास मोकळा करायचा, टाळूचं नंतर. याच्या उलट, टीजीएफ-बीटा-3 हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत शेल्फ आडवे होतात, एकमेकांना भेटतात, पण मधली भिंत विरत नाही आणि टाळू दुभंगलेलाच राहतो. बाहेरून फट सारखीच, बिघडलेली पायरी वेगळी.

सर्वात शेवटची पायरी चुकली तर फट दिसतही नाही. श्लेष्मल आवरण सलग, पण खालचे स्नायू जुळलेले नाहीत: सबम्यूकस क्लेफ्ट. पडजीभ दुभागलेली, मऊ टाळूच्या मध्यावर निळसर पारदर्शक पट्टा, आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच. नाकातून बोलणारं मूल आलं की नुसतं पाहून थांबू नका, त्या कडेवर बोट फिरवा.

आता ग्रहणाचं. ओठाचा सांधा सातव्या आठवड्यापर्यंत, टाळूचा बाराव्यापर्यंत पूर्ण होतो. सातव्या महिन्यात विळीने भाजी चिरली काय नि न चिरली काय, जुळायचं काही उरलेलंच नसतं. जुळलेला चेहरा नंतर चिरण्याचं खरं कारण म्हणून ॲम्निऑटिक बँड सांगता येतात. त्यांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, सांध्यांच्या रेषा पाळत नाहीत, आणि बरेचदा बोटांवरही वळ किंवा तुटलेपण सापडतं.

हिस्टरी घेताना मात्र एक गफलत टाळा. वरचे सगळे आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत, सोनोग्राफीचे आठवडे शेवटच्या पाळीपासूनचे, म्हणजे दोनने जास्त. ओठाचा सहावा आठवडा रिपोर्टवर आठवा असतो. नियमित पाळी असेल तर ती चुकून जेमतेम महिना झालेला असतो. फिटच्या गोळ्या किंवा तंबाखूबद्दल विचारताना ‘तिसऱ्या महिन्यात काय घेत होता?’ असं विचारलंत, तर ओठाच्या दृष्टीने तुम्ही उशिरा पोचलात. पाळी चुकण्याच्या आधीपासून विचारा.