खरेदी समितीचा टीओआर असा लिहा की कुणाच्याच अंगावर काही येणार नाही

तर तुमच्या संस्थेत इंटर्नल परचेस कमिटी नेमायची ठरलीये आणि तिचा टीओआर, म्हणजे समितीचे सदस्य, अधिकार आणि कामाची पद्धत ठरवणारा कागद, लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. अभिनंदन. गेल्या वेळचा टीओआर ज्याने लिहिला तो रिटायर झाला, त्याची सॉफ्ट कॉपी कुणाकडे नाही आणि हार्ड कॉपी ऑडिटवाले घेऊन गेले ती अजून परत आलेली नाही, त्यामुळे आता तुम्हालाच बसून लिहावं लागणार. घाबरू नका. मी सांगतो तसं लिहा, समिती वर्षानुवर्षं खरेदी करत राहील आणि खरेदी कुणी केली हे कुणालाच सांगता येणार नाही.

आधी पार्श्वभूमी. तुमची संस्था केंद्राच्या अनुदानावर चालत असेल तर तुम्हाला जीएफआर 2017 लागतात, म्हणजे जनरल फायनान्शियल रूल्स. त्यातला नियम 155 तुमच्या कामाचा. मूळ नियमात असं होतं की 25 हजारांच्या वर आणि अडीच लाखांपर्यंतची वस्तू, तीही सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मिळत नसेल तरच, योग्य दर्जाच्या तीन सदस्यांच्या समितीने बाजारात जाऊन घ्यायची. आकडे वेळोवेळी बदलतात, तुमच्या फाईलमधलं लेटेस्ट ज्ञापन बघून घ्या. पण आकड्यापेक्षा गोची पुढेच आहे. नियम म्हणतो समितीने स्वतः बाजारात चौकशी करायची, भाव वाजवी आहे का, दर्जा आणि स्पेसिफिकेशन बरोबर आहे का, पुरवठादार कोण योग्य, हे सगळं बघायचं आणि मग सह्या करून लिहून द्यायचं की आम्ही सदस्य संयुक्तपणे आणि व्यक्तिशः समाधानी आहोत. व्यक्तिशः! या एका शब्दाने कित्येकांची पेन्शन अडकायची वेळ आणलीये, म्हणून आपल्या टीओआरचं सगळं कौशल्य हा शब्द निष्प्रभ करण्यात आहे.

सदस्य कोण

तीन सदस्य पुरतात असं नियम म्हणतो, तुम्ही सात घ्या. तिघांपैकी एकाने जरी फाईल वाचली तरी धोका असतो, सातांत मात्र प्रत्येकाला वाटतं की बाकीच्या सहांपैकी कुणीतरी वाचली असेल. अध्यक्ष म्हणून ज्या विभागाला वस्तू हवी आहे त्याच विभागाचे प्रमुख घ्या, म्हणजे वस्तूची मागणी करणारा इंडेंट त्यांचा, स्पेसिफिकेशन त्यांचं, शिफारसही त्यांचीच, एकाच टेबलावर सगळं आटोपतं. अकाउंट्सचा माणूस घ्यावाच लागतो, तर तो ‘विशेष निमंत्रित’ म्हणून घ्या, सदस्य म्हणून नको. विशेष निमंत्रिताला चहा मिळतो, मत मिळत नाही. आणि सदस्यांची नावं नका लिहू बरं का, पदं लिहा, आणि तीही ‘विभागप्रमुख किंवा त्यांचा प्रतिनिधी’ अशी. मग दर मीटिंगला वेगळा प्रतिनिधी येतो, मागच्या वेळी काय ठरलं ते त्याला माहीत नसतं, आणि ऑडिटने विचारलं की साहेब म्हणतात मी नव्हतोच, प्रतिनिधी होता, आणि प्रतिनिधी म्हणतो मी साहेबांच्या वतीने होतो. बोला आता.

कोरम

हा टीओआरचा आत्मा आहे, इथे घाई करू नका. कच्चा माणूस लिहितो ‘सात सदस्य, कोरम चार’, आणि तिथेच फसतो, कारण चार न जमल्यास मीटिंग होत नाही. तुम्ही लिहा: ‘कोरम अभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येईल व त्यानंतर त्याच ठिकाणी घेतलेल्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही.’ हे आपल्या हाऊसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेतून उचललंय, सगळ्यांच्या ओळखीचं आहे, कुणी प्रश्न विचारत नाही. तिथे शंभर-दोनशे सभासद असतात म्हणून ती सोय आहे आणि इथे एकाच मजल्यावर बसणारी सात माणसं आहेत, हा फरक तुम्ही स्वतःहून काढू नका. अर्ध्या तासाने अध्यक्ष आणि लिपिक एवढे दोघे उरले तरी समितीची सभा झाली.

चुकूनही असं लिहू नका की कोरम फक्त सुरुवातीला नाही, निर्णय होताना पण पाहिजे. आणि असं तर मुळीच नको की कोरममध्ये अकाउंट्सचा एक आणि इंडेंट विभागाबाहेरचा एक असलाच पाहिजे. एखादा अतिशहाणा सुचवेल की ज्याचा पुरवठादाराशी नात्याचा किंवा धंद्याचा संबंध आहे त्याने बाहेर बसावं आणि त्याला त्या विषयापुरतं कोरममध्ये धरू नये. त्याला म्हणा, सूचना चांगली आहे, पुढच्या सुधारणेत घेऊ. कारण हे एकदा कागदावर आलं की मिनिट्समध्ये ‘अमुक सदस्य या विषयाच्या वेळी सभागृहाबाहेर गेले’ असं वाक्य टाकावं लागतं, आणि ते वाक्य नसलेले जुने मिनिट्स मग ऑडिटवाला शांतपणे मोजत बसतो.

सगळ्यात भारी सोय म्हणजे फाईल फिरवून ठराव. ‘तातडीच्या प्रसंगी सदस्यांची संमती परिपत्रकाद्वारे घेता येईल.’ तातडी म्हणजे काय ते लिहायचं नाही. शिपाई फाईल घेऊन फिरतो, एक सही कॅन्टीनमध्ये होते, एक पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर, एक साहेब फोनवर असताना डोळ्यांनीच ‘कुठे’ विचारतात आणि शिपाई बोटाने दाखवतो इथे. बाजारात चौकशी करून व्यक्तिशः समाधान झाल्याचा दाखला असा बॉनेटवर तयार होतो.

अधिकार

इथे एक गंमत लक्षात ठेवा. समिती शिफारस करते, मंजुरी सक्षम अधिकारी देतो. हे दोन वाक्यांत स्वच्छ लिहिता येतं आणि म्हणूनच लिहायचं नाही. तुम्ही लिहा, ‘समिती खरेदीबाबत योग्य तो निर्णय घेऊन मान्यतेसाठी सादर करील.’ निर्णय समितीचा की मान्यता देणाऱ्याचा? दोघांचाही, म्हणजे कुणाचाच नाही. समिती म्हणेल आम्ही फक्त सादर केलं, साहेब म्हणतील समितीने ठरवलं होतं मी फक्त मान्य केलं.

आता एक उदाहरण घेऊ म्हणजे टीओआर कामाला कसा येतो ते कळेल. सेमिनार हॉलसाठी 60 खुर्च्या हव्यात, टॅक्स धरून एक 7,900 ची, एकूण 4 लाख 74 हजार. तारीख 20 मार्च, ग्रांट 31 ला लॅप्स होणार. मूळ नियमाच्या हिशोबाने हे अडीच लाखांच्या वर गेलं, म्हणजे समितीचा खेळ संपला, आता तीनपेक्षा जास्त पुरवठादारांना विचारून मर्यादित निविदा काढा. कशाला? 30 खुर्च्या ‘हॉल डावी बाजू’ आणि 30 ‘हॉल उजवी बाजू’ असे दोन इंडेंट करा, दोन्ही 2 लाख 37 हजारांचे, दोन्ही समितीच्या मर्यादेत. नियम 157 म्हणतो की वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करू नका, पण तुम्ही कुठे मंजुरी टाळताय, तुम्ही बाजू वेगळ्या करताय.

मग जेम. पोर्टलवर खुर्च्या ढिगाने आहेत, पण पोर्टलवर वस्तू नाही असा रिपोर्ट पोर्टलवरूनच काढून फाईलला लावावा लागतो. सोप्पंय, ‘खुर्ची’ म्हणून शोधू नका. ‘सेमिनार चेअर, ताम्रवर्णी हात, मागे जाळी, डाव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी पॅड’ असं शोधा. शून्य रिझल्ट. प्रिंट काढा. नंतर आलेल्या खुर्च्यांना साधे काळे हात असतील तर भांडारवाल्याला सांगा स्टॉक रजिस्टरला नुसतं ‘खुर्ची, नग 30’ लिही.

आणि तीन कोटेशन. नियम 155 मध्ये समितीने बाजार फिरायचं लिहिलंय, पुरवठादाराने तीन कोटेशन आणून द्यायची असं कुठेच नाही, पण आपल्याकडे ही पद्धत पडली आणि ती इतकी सोयीची की कुणाला तक्रार नाही. एकाच माणसाला सांगायचं, तो आपलं एक आणि मित्रांची दोन आणतो. फक्त त्याला एवढं सांगा की तिन्ही लेटरहेडांवर ‘कुशन’ची तीच चूक करू नको, तिन्हीकडे तीच मुदत आणि तोच फॉन्ट नको, आणि महागडी दोन कोटेशनं, म्हणजे एल-टू आणि एल-थ्री, सगळ्यात स्वस्त एल-वनपेक्षा बरोब्बर पाच आणि दहा टक्क्यांनी महाग नकोत, थोडं वरखाली ठेव. ऑडिटवाला कोटेशनमधला भाव नंतर वाचतो, आधी कागद शेजारी शेजारी ठेवून बघतो. दोन्ही इंडेंट एका तारखेचे, दोन्ही पुरवठा आदेश एका दिवसाचे आणि दोन्ही बिलांचे नंबर लागोपाठ, एवढं दिसलं की त्याला डावी बाजू उजवी बाजू काही सांगावी लागत नाही. तेव्हा पुरवठादाराला बिलांमध्ये निदान दहाएक नंबरांचं अंतर ठेवायला सांगा, बिचाऱ्याला मधली बिलं कुणाच्यातरी नावावर फाडावी लागतील, पण ते त्याचं तो बघेल.

रिपोर्टिंग

मिनिट्स किती दिवसांत लिहायचे ते टीओआरमध्ये टाकू नका, ‘यथावकाश’ हा शब्द आहे ना. पुरवठा झाला, बिल पास झालं, मग मिनिट्स लिहा, म्हणजे घडलं तेच ठरलं होतं असं लिहिता येतं. चर्चा लिहायची नाही, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते’ एवढंच. हरकत नोंदवण्याची सोय तर अजिबात ठेवू नका, कारण ‘माझं मत वेगळं आहे’ असं दोन ओळींत लिहून सही करणारा एकच सदस्य पुढे सहीसलामत सुटतो आणि बाकीचे सहा त्याच्याकडे बघत बसतात.

वर्षाच्या शेवटी गव्हर्निंग कौन्सिलला अहवाल द्यावा लागतो. त्यात एकूण खरेदी किती रुपयांची एवढा एकच आकडा द्या. एकाच पुरवठादाराला वर्षात किती आदेश गेले, मर्यादेच्या जेमतेम खाली किती खरेद्या झाल्या, मार्चमध्ये किती आणि बाकी अकरा महिन्यांत किती, असे तक्ते कुणी मागितले तर सांगा सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही. एक्सेलमध्ये फिल्टर लावायला दोन मिनिटं लागतात हे कौन्सिलमधल्या तरुण मेंबरला माहीत असतं, म्हणून हा विषय अजेंड्यावर जेवणाच्या अगदी आधी घ्या.

शेवटचं कलम विसरू नका: ‘या टीओआरचा आढावा दर तीन वर्षांनी खरेदी समिती स्वतःच घेईल आणि योग्य वाटल्यास सुधारणा सुचवील.’ त्या मीटिंगला कोरम लागत नाही.