नूतनीकरण कसले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

डिजिटल सहीचे प्रमाणपत्र ज्या यूएसबी उपकरणात असते, त्या टोकनाचे ‘रिन्यूअल’ हा शब्द ज्याने रूढ केला, त्याला एकदा माझ्यासमोर बसवून मला विचारायचे आहे की, बाबा रे, यात नूतनीकरण होते तरी कशाचे? परवान्याचे नूतनीकरण केले की परवाना क्रमांक तोच राहतो आणि मुदत तेवढी वाढते. वाहनाचा विमा मुदतीआधी पंधरा दिवस भरला, तरी नवा विमा जुना संपल्यावरच सुरू होतो आणि ते पंधरा दिवस कोणी गिळत नाही. डिजिटल सहीच्या बाबतीत मात्र जुन्या प्रमाणपत्राला कोणी हातही लावत नाही. नवा अर्ज, नवी ओळखपडताळणी, नवा व्हिडिओ, सही करायच्या आणि ती तपासायच्या नव्या गुप्तसंकेतांची, म्हणजे ‘किल्ल्यां’ची, जोडी, नवे प्रमाणपत्र आणि त्यानंतर प्रत्येक सरकारी पोर्टलवर नव्याने नोंदणी एवढे सगळे करावे लागते, आणि जुन्या प्रमाणपत्रात उरलेले दिवस नव्यात जमा होत नाहीत ते नाहीतच. हे सरळसरळ नवे प्रमाणपत्र विकत घेणे आहे, आणि बिलावर मात्र ‘रिन्यूअल’ असे छापून येते.

आमची दोन संचालकांची छोटी खासगी कंपनी आहे. यंदा वार्षिक सर्वसाधारण सभा 29 सप्टेंबरला झाली. सभेनंतर तीस दिवसांत वित्तीय विवरणपत्रे एओसी-4 या फॉर्मसोबत कंपनी निबंधकाकडे दाखल करावी लागतात, म्हणजे आमची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर. त्यानंतर प्रत्येक दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क. फॉर्म भरून तयार होता, लेखापरीक्षकांचे काम झाले होते, आणि 24 ऑक्टोबरला मी निवांतपणे टोकन लॅपटॉपला लावून सही करायला बसलो. पिन घातला, सही उमटल्यासारखी दिसली, फॉर्म अपलोड केला, आणि पोर्टलने तो परत माझ्या तोंडावर फेकला. प्रमाणपत्राची मुदत 22 ऑक्टोबरलाच संपली होती.

मुदत संपत आल्याची सूचना आली नव्हती का, असे मला विचारणाऱ्यांसाठी सांगतो. ती आली होती, पण मला नाही. दोन वर्षांपूर्वी ज्या मध्यस्थाकडून हे प्रमाणपत्र घेतले, त्याने अर्जात माझ्या ईमेलच्या जागी स्वतःचा ईमेल घातला होता, कारण ओटीपी त्याच्याकडे आला की त्याचे काम भराभर उरकते. तो मध्यस्थ आता या धंद्यातच नाही. खरे तर मुदत पाहायला कोणाच्या मेलची गरज नसते. टोकन लावून विंडोजमध्ये `certmgr.msc` उघडले आणि `Personal` खालच्या `Certificates` मध्ये आपल्या नावावर दोनदा क्लिक केले की `Valid from … to …` अशी ओळ समोर येते. ती ओळ पाहायला मला अर्धे मिनिट लागले असते. ही चूक माझी, मान्य. पण त्यानंतरच्या आठ दिवसांत जे झाले, ती माझी चूक नव्हती.

नव्या विक्रेत्याला फोन केला तर पहिलाच प्रश्न आला, “साहेब, क्लास टू हवे की क्लास थ्री?” आता 1 जानेवारी 2021 पासून क्लास 2 प्रमाणपत्रे देणेच बंद झाले आहे. कंपनी आणि प्राप्तिकराच्या कामासाठी आज नवे प्रमाणपत्र घ्यायचे तर ते क्लास 3 चेच मिळते. मग हा प्रश्न कशासाठी? तर क्लास 3 म्हणजे काहीतरी उच्च प्रतीचा माल आहे, असे भासवून चार पैसे जास्त लावता यावेत म्हणून. पूर्वी या वर्गवारीला अर्थ होता. अर्जदाराची ओळख किती काटेकोरपणे तपासली, यावरून वर्ग ठरत असे, आणि क्लास 3 साठी स्वतः समोर हजर राहावे लागत असे. आज त्या हजेरीची जागा व्हिडिओने घेतली आहे आणि निवड करण्यासारखे काही उरलेलेच नाही. दुसरा प्रश्न होता, “नुसती सही की कॉम्बो?” कॉम्बो म्हणजे सहीसोबत एन्क्रिप्शनचे, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येऊ नये असा कुलूपबंद करण्याचे, प्रमाणपत्र. ते निविदा भरणाऱ्यांच्या कामाचे असते. कंपनी निबंधकाकडे कागद द्यायला आणि विवरणपत्र भरायला सहीचे प्रमाणपत्र पुरते, हे मला ठाऊक होते म्हणून मी वाचलो. ज्याला ठाऊक नसते तो मुकाट्याने दुप्पट पैसे मोजतो. मुदत एक, दोन किंवा तीन वर्षांची मिळते, त्याहून जास्त नाही. मी पुन्हा दोन वर्षांचे घेतले, आणि त्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला, तो का ते पुढे येईलच.

अर्ज 24 तारखेला दुपारी भरला, 25 ला परत आला. कारण काय, तर अर्जातले नाव पॅनवरील नावाशी जुळत नव्हते. माझ्या पॅनवर माझे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव आहे, आणि विक्रेत्याच्या माणसाने वडिलांचे नाव गाळून अर्ज पाठवला होता. मी पॅनची प्रत दिली होती, ती समोर ठेवून तीन शब्द जसेच्या तसे उतरवायचे होते, तेही त्याला जमले नाही. यात नुसता वेळ जातो असे नाही. प्रमाणपत्र पॅनशी जखडलेले असते आणि प्राप्तिकर पोर्टल सहीतला पॅन व लॉगिनचा पॅन ताडून पाहते, त्यामुळे अर्जातच घोळ झाला तर तो पुढे प्रत्येक दाराशी आडवा येतो.

26 तारखेला व्हिडिओ नाकारला गेला. मोबाइलवर आलेल्या दुव्यावर जाऊन, मूळ पॅनकार्ड चेहऱ्याजवळ धरून, आपले नाव आणि आपण प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे हे मोठ्याने सांगायचे असते. मी ते सगळे केले. कार्डाच्या चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटचा प्रकाश पडला आणि पॅन क्रमांकाचे मधले चार आकडे पांढरे फटक दिसले, म्हणून नामंजूर. हे कारण रास्तच आहे, माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. तपासणी कडक असलीच पाहिजे, कारण माझ्या नावाने कोणीतरी टोकन काढून मला परस्पर संचालक करून टाकणे मला परवडणारे नाही. माझा संताप याचा आहे की, ‘कार्ड तिरके धरा, समोरून दिवा नको’ एवढे एक वाक्य त्या पानावर लिहायला कोणाला सुचले नाही, आणि ‘व्हिडिओ अस्पष्ट’ एवढे दोन शब्द कळायला मला संध्याकाळपर्यंत चार फोन करावे लागले. 27 ला मी खिडकीपाशी उभे राहून, भिंतीकडे पाठ करून, पुन्हा तेच नाटक वठवले. 28 ला संध्याकाळी प्रमाणपत्र मंजूर झाले.

मंजूर झाले म्हणजे हातात आले असे नव्हे. ते टोकनात उतरवावे लागते. सहीची खासगी किल्ली टोकनाच्या आतच तयार होते आणि तिथून बाहेर काढता येत नाही, हीच या उपकरणाची सगळी मातब्बरी. त्यामुळे तिची दुसरी प्रत कुठेही नसते. टोकन हरवले, फॉरमॅट झाले किंवा चुकीचा पिन ठरावीक वेळा घालून कुलूपबंद होऊन बसले, की बहुधा पुन्हा पैसे मोजून नवे प्रमाणपत्र घेण्यावाचून गत्यंतर नसते. 29 तारखेला सकाळी दूरस्थ जोडणीने माझ्या लॅपटॉपवर आलेला तो तंत्रज्ञ मला काय सांगतो, तर “पिन 12345678 ठेवलाय साहेब, सगळ्यांचा तोच असतो.” माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार खासगी किल्लीवर ताबा राखण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकाची, म्हणजे माझी आहे, आणि विकणाराच सगळ्यांना एक पिन वाटत सुटला आहे. (करसल्लागारांच्या कार्यालयांत रबरबँड लावलेल्या टोकनांनी भरलेले खण मी पाहिले आहेत. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर अशिलाचे नाव आणि नावाखाली पेनाने लिहिलेला पिन. कलम 42 तिथे रोज मरते.) मी पिन लगेच बदलला.

तरीही 29 ला फॉर्म गेला नाही, कारण नव्या सहीला कंपनी व्यवहार मंत्रालयाचे पोर्टल ओळखतच नव्हते. जुने प्रमाणपत्र माझ्या संचालक क्रमांकाशी जोडलेले होते. नवे प्रमाणपत्र त्याच माणसाचे, त्याच पॅनचे असले तरी पोर्टलच्या लेखी ते परकेच, आणि `Associate DSC` या सेवेतून ते पुन्हा जोडावे लागते. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण टोकनाशी बोलणारा मदतनीस प्रोग्राम लॅपटॉपवर चालू असेल तरच. माझ्याकडे त्याची जुनी आवृत्ती होती आणि पोर्टल ‘टोकन सापडले नाही’ एवढेच म्हणत बसले. वर टोकनात जुने आणि नवे अशी दोन्ही प्रमाणपत्रे होती, दोन्हींवर माझेच नाव, आणि यादीत मुदत न पाहता मी एकदा जुनेच निवडले. नवी आवृत्ती घालून, यादीतली तारीख वाचून प्रमाणपत्र जोडेपर्यंत 31 उजाडला. फॉर्म 1 नोव्हेंबरला गेला. तीन दिवसांचे तीनशे रुपये जादा शुल्क.

तीनशे रुपयांनी कोणी भिकेला लागत नाही. पण हीच प्रदक्षिणा प्राप्तिकराच्या पोर्टलवर पुन्हा घालायची असते आणि तिथे आणखी एक गंमत आहे. कंपनीचे विवरणपत्र डिजिटल सहीनेच पडताळावे लागते, म्हणून माणूस साहजिकच कंपनीच्या लॉगिनमध्ये जाऊन सही नोंदवायला पाहतो. सही संचालकाची, पॅन संचालकाचा, तेव्हा ती आधी संचालकाच्या वैयक्तिक लॉगिनमध्ये नोंदवायची असते. हे मला दोन वर्षांपूर्वी अर्धा दिवस डोके आपटल्यावर कळले होते, म्हणून यंदा तेवढे तरी सुटले. वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर तिसरी नोंदणी, ती वेगळीच. एक माणूस, एक पॅन, एक सही, आणि सरकारच्या तीन दारांत तीनदा ‘आपण कोण?’

आता तो पश्चात्ताप. मुदत प्रमाणपत्र जारी होते त्या दिवसापासून मोजली जाते. माझे जारी झाले ऑक्टोबरच्या अखेरीस, दोन वर्षांसाठी. म्हणजे दोन वर्षांनी ते पुन्हा ऐन ऑक्टोबरच्या अखेरीस, एओसी-4 आणि विवरणपत्राच्या गर्दीतच संपणार. हे टाळायचे तर मला जूनमध्येच नवे घ्यावे लागेल आणि पैसे मोजलेले चार महिने आपल्या हाताने पाण्यात सोडावे लागतील, कारण उरलेले दिवस पुढे जोडून देण्याची सोयच नाही. विक्रेत्याला हे बोलून दाखवले, तेव्हा तो मनापासून म्हणाला, “मग साहेब, जूनमध्येच करा ना रिन्यूअल.”