नागीण लसीमुळे जागी होते म्हणे!

“ज्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या त्यांना नागिणीची लस लागत नाही, शरीरात जन्मभराची ताकद तयार असते. उलट लस टोचली की आत झोपलेला विषाणू जागा होतो आणि फोड येतात. लसीनंतर ताप येतो तो त्याचाच पुरावा. सत्तरीनंतर तर घेऊच नका. घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना पाठवा.”

पाठवलं की लोकांनी, आणि नेमकं माझ्या आजीला. तिला सातव्या वर्षी कांजिण्या आल्या होत्या, आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. धाकट्या बहिणीची नागीण तिने डोळ्यांनी पाहिली असल्यामुळे फोडांच्या नुसत्या आठवणीने ती कासावीस होते. लस घ्यायचं आम्ही ठरवलं होतं. हा मजकूर वाचून तिने नकार दिला.

विषाणू जागा होतो, या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण त्यात एक चिमूट खरं आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू जात नाही, पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये पडून राहतो. तोच पुढे एखाद्या मज्जातंतूतून कातडीपर्यंत आला की नागीण होते. म्हणून तर तिचा पट्टा शरीराच्या एकाच बाजूला उठतो. पण आज दोन डोसची जी लस देतात तिच्यात विषाणू नाहीच. आहे ते त्याच्या आवरणावरचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारं एक मिश्रण. प्रथिनाच्या तुकड्यापासून विषाणू वाढत नाही, आणि गाठीतला विषाणूही त्याने उठत नाही.

तरी शंका असेल तर मोजून बघता येतं, आणि ते मोजलेलं आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१६ साली सत्तरी ओलांडलेल्या सुमारे १४ हजार लोकांवरची चाचणी छापून आली. निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना नुसतं सलाइन टोचलं, आणि सरासरी पावणेचार वर्षं लक्ष ठेवलं. सलाइनवाल्यांपैकी २२३ जणांना नागीण झाली, लसवाल्यांपैकी २३ जणांना. लस विषाणू जागा करत असती तर हे आकडे उलटे आले असते. ऐंशीच्या पुढच्यांनाही जवळपास तितकंच संरक्षण मिळालं, त्यामुळे ‘सत्तरीनंतर नको’ हेही त्यातच निकालात निघालं.

एक कबूल करतो, जिवावर येऊन. आधीची एक लस होती, एका डोसची. तिच्यात खरोखर जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असायचा आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना ती देत नसत. अमेरिकेत ती २०२० मध्ये बंद झाली. कुणीतरी तिची भीती उचलून नव्या लसीला चिकटवली असावी.

आणि ती जन्मभराची ताकद? पुन्हा कांजिण्या होऊ नयेत इतपत ती बहुधा पुरते. झोपलेल्या विषाणूवर पहारा देतात त्या टी पेशी, आणि तो पहारा वयानुसार सैल पडतो. कांजिण्या येऊन गेल्या म्हणून नागिणीपासून सुटका, हे म्हणूनच उफराटं आहे. आधी कांजिण्यांचा विषाणू शिरलेलाच नसेल तर नागीण येणार कुठून?

तापाबद्दल मात्र लपवाछपवी नको. दंड दुखतो, अंग मोडून येतं, कणकण येते. सुमारे सहातल्या एकाला रोजची कामं जमू नयेत इतका त्रास होतो, पण तो दोन-तीन दिवसांत ओसरतो. ही प्रतिकारशक्तीची खळबळ, नागीण नव्हे. नागिणीत एकाच बाजूला आधी आग आणि ठणका, मग दोन-तीन दिवसांत पाण्याच्या फोडांचे घोस. आजीच्या बहिणीला डाव्या बरगडीत असंच ठणकत होतं, घरच्यांना वाटलं उसण भरली. फोड दिसल्यावरही चार दिवस लेप लावण्यात गेले. विषाणूरोधक गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात उपयोगी पडतात, ती वेळ हुकली. फोड वाळले, पण तिथे साडीचा पदर लागला तरी ती वर्षभर कळवळायची. लस मुख्यतः हे दुखणं टाळण्यासाठी घ्यायची असते. ते एकदा लागलं की लसीने जात नाही. (फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत, दृष्टीला धोका असतो.)

आजीला मी ते २२३ आणि २३ कागदावर लिहून दाखवले. चष्मा पुसून तिने दोनदा वाचले. पहिला डोस झाला. त्या रात्री कणकण आली, दुसऱ्या दिवशी तिने दंडावर हात ठेवून मला भरपूर ऐकवलं, तिसऱ्या दिवशी ती विसरली. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांच्या आत घ्यायचा असतो, उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. हे शेवटचं मी तिला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ती उशीरच करेल.