दुसरी किल्ली म्हणजे पहिलीची नक्कल नव्हे

"दोन सिक्युरिटी की घेऊन ठेवायच्या, मग एक हरवली तरी चिंता नाही," असे आज एका मित्राने मला ऐकवले आणि माझे डोके फिरले. लॉगिन करताना आपली ओळख पटवायला संगणकाला लावायच्या या छोट्या किल्ल्या माझ्याकडे दोन होत्याच! पहिली तीन आठवड्यांपूर्वी किल्ल्यांच्या जुडग्यातून कुठेतरी गळून पडली. दुसरी कपाटात सुखरूप होती, आणि तरीही एका खात्याच्या दारात मी अकरा दिवस ताटकळत उभा होतो.

घराच्या किल्लीसारखी या किल्लीची नक्कल करून मिळत नाही. प्रत्येक खात्यात नोंदणी करताना किल्लीच्या आत एक वेगळे गुपित तयार होते आणि ते बाहेर काढता येत नाही, म्हणून दुसरी किल्ली प्रत्येक खात्यात स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. माझ्या मेलच्या खात्यात ती नोंदवलेली होती, त्यामुळे ते मिनिटभरात उघडले. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, सांभाळायचे खाते मात्र नंतर काढलेले. तिथे फक्त हरवलेलीच नोंदवली होती आणि किल्ली नसताना आत जाण्यासाठी मिळणारे बॅकअप कोड उतरवून ठेवण्याचा मी आळस केला होता.

सुदैवाने लॅपटॉपवर त्या खात्याचे लॉगिन चालू होते. मी उत्साहाने सेटिंग्ज उघडून दुसरी किल्ली जोडायला गेलो, तर खात्रीसाठी जुनीच किल्ली लावा, असे उत्तर आले. आता हसावे की रडावे! शेवटी ओळखीची कागदपत्रे पाठवून वाट पाहत बसलो. एवढे मात्र केले, की लॉगआउट न करता आधी त्या खात्यातल्या डोमेनच्या सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या.

मान्य आहे, मला सहज आत घेतले असते तर किल्ली हरवल्याची थाप मारणाऱ्या चोरालाही घेतले असते. किल्ली सापडणाऱ्यालाही पासवर्ड किंवा पिनशिवाय तिचा उपयोग नाही, हेही खरे. पण मग नोंदणीच्या वेळीच 'दुसरी किल्ली जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका' असे ठणकावून सांगायला काय हरकत होती?

रागाचा थोडा वाटा माझ्याही पदरात टाकतो. मेलच्या खात्यातून हरवलेली किल्ली काढायला गेलो, तर यादीत दोन ओळी होत्या आणि दोन्हींचे नाव 'Security Key' असेच होते, कारण नाव द्यायचा कंटाळा मीच केला होता. चुकीची ओळ पुसली असती तर हातातली किल्लीही गेली असती. मग हातातल्या किल्लीने पुन्हा लॉगिन केले आणि कोणत्या ओळीपुढची शेवटच्या वापराची वेळ बदलते ते पाहिले. बदलली नाही ती ओळ काढून टाकली.

ती किल्ली आणखी कोणकोणत्या खात्यांत नोंदवली होती, याची यादी मी कधी केलीच नव्हती. पासवर्डची वही घेऊन एकेक खाते तपासतो आहे. काल रात्री आणखी एक सापडले.