आधी कटिंग ठरवा, मग कार्डं मांडा

«शाळेच्या ओळखपत्रांच्या शीटवर दोन कार्डांमध्ये तीन-तीन मिलिमीटर जागा सोडून तुम्ही कागद वाया घालवताय. आम्ही प्रेसमध्ये कार्डाला कार्ड चिकटवून लावतो, एका कापात दोन कडा निघतात. आणि पहिल्याच शीटवर १, २५, ४९ असा उलटासुलटा क्रम कशाला? सरळ एक ते दहा लावा की. साधं काम उगाच अवघड करून ठेवलंय.»

नमस्कार दादा,

आधी कागदाचा हिशेब करू. ओळखपत्र ८६ बाय ५४ मिलिमीटरचं. उभ्या ए-फोरवर आडवी कार्डं लावली, की रुंदीत दोन बसतात आणि उंचीत पाच. पाच ओळींचे २७० मिलिमीटर होतात, कागद २९७ चा. उरलेल्या २७ मध्ये सहावी ओळ काही बसत नाही. म्हणजे चिकटवून लावली तरी दहाच, जागा सोडून लावली तरी दहाच. तीन मिलिमीटरच्या चार फटींना १२ लागतात, तरी वर-खाली साडेसात-साडेसात उरतात. लेझर प्रिंटर कडेचे चार-पाच मिलिमीटर छापत नाही, तेवढी सोय त्यातच होते. कागद वाया जात नाही, वाढतात ते काप. चिकटवून लावल्यास गठ्ठ्याला नऊ काप, फट ठेवल्यास चौदा.

ते पाच काप मी का वाढवतो? शाळेच्या कार्डावर बहुतेक वेळा वर नावाची गडद पट्टी असते आणि खाली पांढरी जागा. कार्डं चिकटून असली, की वरच्या कार्डाची पांढरी कड आणि खालच्या कार्डाची निळी पट्टी एकाच रेषेवर येतात. शीटवर छपाई अर्धा मिलिमीटर सरकली किंवा कापताना गठ्ठा तेवढा हलला, की वरच्या कार्डाच्या तळाशी निळी केसाएवढी रेघ येते. ती एका कार्डावर नाही, गठ्ठ्यातल्या कित्येक कार्डांवर येते. तीन मिलिमीटरची फट असली, की दोन्ही कार्डांचा रंग दीड-दीड मिलिमीटर बाहेर वाढवता येतो, मग काप जरा इकडेतिकडे झाला तरी कडेला योग्य रंगच राहतो. कार्डाच्या चारही कडा पांढऱ्या किंवा एकाच रंगाच्या असतील, तर तुमचीच पद्धत बरी. तिथे मीही फट सोडत नाही.

आता क्रमाचं. शाळेची २४० कार्डं आहेत, दहा-दहाची २४ शीटं. सरळ क्रमाने लावून गठ्ठा कापला, तर पहिल्या थप्पीत १, ११, २१ असं २३१ पर्यंत येतं, दुसरीत २, १२, २२. मग कोणीतरी बसून दहा थप्प्यांमधून एकेक कार्ड उचलत क्रम लावायचा, आणि पाचवीतलं कार्ड सातवीच्या गठ्ठ्यात जाण्याची वेळ तिथेच येते. त्याऐवजी पहिल्या शीटवर १, २५, ४९ असं २१७ पर्यंत लावा, दुसऱ्यावर २, २६, ५०. कापल्यावर पहिली थप्पी १ ते २४, दुसरी २५ ते ४८. थप्प्या एकाखाली एक ठेवल्या, की वर्गवार क्रम तयार.

हे हाताने करायचं नाही. एक्सेलमध्ये ए रकान्यात अनुक्रमांक असेल, तर बी रकान्यात हे टाका आणि बी प्रमाणे सॉर्ट करून मग मेल मर्ज करा:

```
=MOD(A2-1,24)*10+INT((A2-1)/24)+1
```

२४ म्हणजे शीटं, १० म्हणजे एका शीटवरची कार्डं. मुलं २३३ च असली, तर उरलेल्या सात ओळी अनुक्रमांक घालून, नाव रिकामं ठेवून २४० पर्यंत न्याच. त्या काढल्या, की शेवटच्या शीटांवरची कार्डं पुढे सरकतात आणि थप्प्या बिघडतात.

पाठीमागे पत्ता, रक्तगट असा प्रत्येकाचा वेगळा मजकूर असेल तर अजून एक गोष्ट. लांब कडेवर शीट उलटली, की डावीकडच्या कार्डाची पाठ उजवीकडे येते. म्हणून पाठीमागच्या यादीत जोडीतल्या जागा बदलायच्या. सॉर्ट करण्याआधी सी रकान्यात

```
=IF(MOD(B2,2)=1,B2+1,B2-1)
```

टाका. पुढची बाजू मर्ज झाल्यावर त्याच यादीची प्रत सी प्रमाणे सॉर्ट करा आणि पाठीसाठी ती वापरा. पूर्ण गठ्ठा सोडण्याआधी एकच शीट पाठपोट छापून उजेडाकडे धरा. प्रत्येक नावामागे त्याच मुलाचा पत्ता दिसतो का, आणि पुढच्या-मागच्या कापखुणा एकावर एक येतात का, ते तिथेच कळतं. खुणा एक-दीड मिलिमीटर हटून येत असतील, तर पाठीला चौकट देऊ नका. चौकटीची एक बाजू जाड, एक बारीक दिसली, की कार्ड वाकडं कापल्यासारखं वाटतं.

हे सगळं गठ्ठा कापायच्या मशीनसाठी. पीव्हीसी शीट फ्यूज करून हाताच्या डाय कटरने एकेक कार्ड पाडणार असाल, तर थप्पी बनतच नाही, तिथे सरळ एक ते दहाच लावा. फट मात्र तिथे हवीच, कारण गोल कोपऱ्याचा डाय शेजारच्या कार्डाची कड खातो.