खुलासा: ऑप्टिकल वायरने आवाज सुधारत नाही

“टीव्हीला कोॲक्सियल वायर लावू नका, ऑप्टिकलचा आवाज दुप्पट स्वच्छ येतो.”

सोसायटीच्या ग्रुपवर हे मीच टाकलं होतं, चूक माझी. टीव्हीचा आवाज स्पीकरकडे नेणाऱ्या या दोन्ही वायरींतून तोच डिजिटल सिग्नल जातो, एकीतून विजेने, दुसरीतून प्रकाशाने. आमच्या परळच्या घरी कोॲक्सियल लावली की स्पीकर घुं-घुं करायचे. परवा सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची वायर काढली आणि घुंघुं थांबली. म्हणजे दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा होता: केबलवाल्याचं आणि घरचं अर्थिंग वायरींच्या तांब्यातून जोडलं जातं आणि त्यात वीज फिरत राहते. ऑप्टिकलमध्ये तांबं नसतं, म्हणून ते वेटोळं तुटतं. तिचा फायदा एवढाच.

घुंघुं नसेल तर कोॲक्सियलच ठेवा. जुनी पिवळी व्हिडिओ वायरही चालते, तीही ७५ ओहमचीच. फक्त ती स्पीकरच्या लाल-पांढऱ्या सॉकेटात खोचू नका. तिथे डिजिटल सिग्नल कळत नाही.

माझा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.